गॅमा म्हणजे प्रीमियमच्या रेषेचा बाक: एक कॉल घेऊन पायरीपायरीने

ऑप्शन शिकायला बसलं की डेल्टा लगेच समजतो. शेअर एक पॉइंट हलला की प्रीमियम किती हलेल, ते डेल्टा सांगतो. डेल्टा ०.५ असेल तर शेअर ६ पॉइंट वर गेल्यावर कॉलचा प्रीमियम ३ पॉइंटने वाढेल, असा हिशोब नवा माणूस मांडतो. प्रत्यक्षात प्रीमियम चारच्या वर वाढलेला असतो. कॉल घेतला असेल तर हा फरक सुखाचा वाटतो आणि माणूस त्याचं कारण शोधत बसत नाही. कॉल विकला असेल तर मात्र तोच फरक खिशातून जातो. मी सुरुवातीला विकण्याच्या बाजूला होतो, त्यामुळे मला कारण शोधावं लागलं. ते सूत्र वाचून कळलं नव्हतं, वहीत एक तक्ता मांडल्यावर कळलं. तोच तक्ता इथे पुन्हा मांडतो.

पहिली पायरी: तक्ता स्वतः मांडा

एकच कॉल घेऊ. शेअरचा भाव १००, स्ट्राइक १००, एक्स्पायरीला ३० दिवस, वार्षिक व्होलॅटिलिटी २० टक्के. व्याज आणि लाभांश शून्य धरू, म्हणजे लक्ष दुसरीकडे जाणार नाही. फ्यूचर्स किंवा निर्देशांकावरच्या ऑप्शनलाही पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

स्प्रेडशीटच्या A रकान्यात A2 पासून शेअरचे भाव लिहा: 94, 96, 98 असे 106 पर्यंत. पुढच्या रकान्यांत ब्लॅक-शोल्सचं सूत्र टाका. हे सूत्र १९७३ साली प्रसिद्ध झालं आणि आजही प्रीमियमचा अंदाज घ्यायला पहिलं हत्यार तेच आहे.

```
B2: =(LN(A2/100)+0.5*0.2^2*30/365)/(0.2*SQRT(30/365))
C2: =B2-0.2*SQRT(30/365)
D2: =A2*NORM.S.DIST(B2,TRUE)-100*NORM.S.DIST(C2,TRUE)
E2: =NORM.S.DIST(B2,TRUE)
```

D रकान्यात प्रीमियम येतो, E रकान्यात डेल्टा. दोन दशांशांपर्यंत आकडे असे दिसतात:

| शेअर | प्रीमियम | डेल्टा |
|---|---|---|
| ९४ | ०.४० | ०.१५ |
| ९६ | ०.७९ | ०.२५ |
| ९८ | १.४० | ०.३७ |
| १०० | २.२९ | ०.५१ |
| १०२ | ३.४५ | ०.६५ |
| १०४ | ४.८६ | ०.७६ |
| १०६ | ६.४८ | ०.८५ |

या तक्त्यात दिवस पुढे सरकलेला नाही. एकाच क्षणी भाव वेगवेगळा असता तर प्रीमियम किती असता, एवढंच तो सांगतो. काळाचा परिणाम मुद्दाम बाजूला ठेवलाय, तो नंतर आत घेऊ.

दुसरी पायरी: वजाबाकी करा, मग वजाबाकीची वजाबाकी

आता शेजारच्या दोन ओळींमधल्या प्रीमियमचा फरक काढा. ९४ वरून ९६ ला जाताना ०.३९ वाढले. पुढच्या दोन पॉइंटांना ०.६१, मग ०.८९, मग १.१६, १.४१ आणि शेवटी १.६२.

इथे जरा थांबून पाहा. शेअर दर वेळी दोनच पॉइंट चढतोय, पण प्रीमियमची उडी दर वेळी आधीच्यापेक्षा मोठी आहे. आलेख काढला तर रेषा सरळ जात नाही, वर बाक घेत जाते. त्या रेषेचा एखाद्या ठिकाणचा चढ म्हणजे डेल्टा, आणि तो चढ किती भरभर बदलतोय ते म्हणजे गॅमा. डेल्टा १०० ला ०.५१ होता आणि १०२ ला ०.६५ झाला, म्हणजे दोन पॉइंटांत ०.१४ वाढला. एका पॉइंटाला साधारण ०.०७. या कॉलचा १०० जवळचा गॅमा तोच: सूत्राने ०.०६९५ येतो, आपल्या वजाबाकीने ०.०७.

आता १०० पासून उलट दिशेने खाली या. पहिल्या दोन पॉइंटांना ०.८९ गेले, पुढच्या दोनांना ०.६१, त्यापुढच्या दोनांना ०.३९. कॉल घेणाऱ्याचा तोटा जसजसा वाढतो तसतसा त्याचा वेग कमी होत जातो. वर जाताना नफा वेग धरतो आणि खाली येताना तोटा वेग सोडतो, या दोन्ही गोष्टी त्या एकाच बाकातून येतात. सहा पॉइंट वर गेला तर ४.१९ मिळतात, सहा पॉइंट खाली आला तर १.८९ जातात.

विकणाऱ्यासाठी हेच आकडे उलट चिन्हाने वाचायचे. भाव चढत राहिला तर त्याचा तोटा १.१६, १.४१, १.६२ असा वाढत जातो. भाव पडत राहिला तर त्याला ०.८९, ०.६१, ०.३९ असं आटत जाणारं उत्पन्न मिळतं. १०० शेअरइतके कॉल विकलेल्या माणसाची स्थिती सुरुवातीला ५१ शेअर विकल्यासारखी असते. भाव १०६ ला गेला की तीच स्थिती ८५ शेअर विकल्यासारखी होते. त्याने नवा एकही सौदा केलेला नसतो. नेमक्या नको त्या दिशेला त्याची पोझिशन आपोआप मोठी होत जाते.

पुटबद्दल लोक इथे अडखळतात. पुट घेतला की डेल्टा ऋण असतो, मग गॅमाही ऋण असेल असं वाटतं. तसं नसतं. भाव पडत गेला की पुटचा डेल्टा उणे ०.४९ वरून उणे ०.८५ कडे सरकतो, म्हणजे पडत्या भावात पुट घेणाऱ्याचा नफा वेग धरतो. एकाच स्ट्राइकच्या आणि एकाच एक्स्पायरीच्या कॉल-पुटचा गॅमा सारखाच असतो. घेतलेल्या ऑप्शनचा गॅमा धन, विकलेल्याचा ऋण, मग तो कॉल असो की पुट.

तिसरी पायरी: दिशा काढून टाका, बाक तेवढा ठेवा

वर कॉल घेणाऱ्याला मिळालेल्या ४.१९ मधला मोठा भाग निव्वळ दिशेचा आहे: भाव वर गेला म्हणून मिळाला. बाकाने किती दिलं ते वेगळं पाहायचं असेल तर दिशा पुसून टाकायला हवी. त्यासाठी एक कॉल घ्या आणि १०० च्या भावाला ०.५१ शेअर विका. आता सुरुवातीला एकूण डेल्टा शून्य आहे. शेअरने दिशा अशी पुसून टाकणं म्हणजेच हेज.

भाव १०२ झाला: कॉलवर १.१६ मिळाले, विकलेल्या शेअरवर १.०२ गेले, उरले ०.१४. भाव ९८ झाला: कॉलवर ०.८९ गेले, शेअरवर १.०२ मिळाले, उरले ०.१३. वर गेला काय आणि खाली आला काय, दोन्हीकडे उरतंच. १०४ ला ०.५३ उरतात, १०६ ला १.१३. ९६ ला ०.५४, ९४ ला १.१७.

आता हे आकडे ओळीने वाचा: ०.१४, ०.५३, १.१३. अंतर दुप्पट झालं तेव्हा रक्कम जवळपास चौपट झाली, तिप्पट झालं तेव्हा आठपट. म्हणजे रक्कम अंतराच्या वर्गाच्या मागे चालली आहे. सूत्रात ते असं लिहितात:

```
0.5 × gamma × (भावातली हालचाल)^2
```

दोन पॉइंटांसाठी: ०.५ × ०.०६९५ × ४ = ०.१३९. आपल्या तक्त्यात ०.१४ आलेच. सहा पॉइंटांसाठी सूत्र १.२५ सांगतं, प्रत्यक्षात १.१३ आले. हा फरक चूक नाही. भाव १०० पासून लांब गेला की गॅमाच उतरत जातो, आणि सूत्र मात्र सुरुवातीचाच गॅमा सगळीकडे धरून चालतं. म्हणून हे सूत्र लहान हालचालींसाठी विश्वासाने वापरा, मोठ्या हालचालींसाठी तक्ताच पाहा.

ज्याने कॉल विकून ०.५१ शेअर घेतले त्याला हे सगळे आकडे उणे. त्याच्यासाठी भाव कुठे गेला याला महत्त्व राहत नाही. भाव किती लांब गेला, एवढंच मोजलं जातं.

चौथी पायरी: विकणाऱ्याच्या जागी बसून दोन दिवस जगा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण "हेज केलंय, आता काळजी नाही" हा समज इथे मोडतो.

तुम्ही एक कॉल २.२९ ला विकलाय आणि ०.५१ शेअर १०० ला घेतलेत. पहिला दिवस असा धरू: भाव १०४ ला जातो. डेल्टा आता ०.७६. तुमच्याकडे शेअर ०.५१, म्हणजे ०.२५ कमी पडतात. एकूण डेल्टा पुन्हा शून्य करण्यासाठी तुम्ही ते १०४ ला घेता. मग भाव परत १०० ला येतो. डेल्टा पुन्हा ०.५१. ज्यादा झालेले ०.२५ शेअर तुम्ही १०० ला विकता. शेअर जिथे होता तिथे आहे, कॉलचा प्रीमियम (काळ धरला नाही तर) पुन्हा २.२९ आहे, हातातले शेअरही तेवढेच आहेत. पण ०.२५ शेअर १०४ ला घेऊन १०० ला विकले, त्यात पूर्ण १ पॉइंट गेला. मिळालेल्या प्रीमियमचा जवळजवळ ४४ टक्के भाग एका फेरीत संपला.

ऋण गॅमा हातात असला की हेज ताजा ठेवण्यासाठी महाग घ्यावं लागतं आणि स्वस्त विकावं लागतं. इथे तुमची बुद्धी कमी पडत नाही, रेषेचा बाकच ते करायला लावतो. समोर कॉल घेऊन बसलेला माणूस याच फेरीत १०४ ला विकतो, १०० ला परत घेतो आणि तोच एक पॉइंट कमावतो.

मग हेज बदललाच नाही तर? या फेरीत फायदा झाला असता: भाव परत आला, तोटा शून्य. पण दुसरा दिवस पाहा. भाव १०० वरून सरळ १०६ ला जातो आणि परत येत नाही. हेज न बदलणाऱ्याचे १.१३ गेले. दर दोन पॉइंटांना हेज बदलणाऱ्याचं मोजा: पहिल्या टप्प्यात ०.१४ गेले. १०२ ला त्याने शेअर ०.६५ केले, पुढच्या टप्प्यात कॉलवर १.४१ गेले आणि शेअरवर १.३० आले, म्हणजे ०.११ गेले. १०४ ला शेअर ०.७६ केले, शेवटच्या टप्प्यात १.६२ गेले आणि १.५२ आले, म्हणजे ०.१०. एकूण ०.३५.

म्हणजे भाव एकाच दिशेला चालत राहिला तर लवकर हेज बदलणारा विकणारा वाचतो, आणि भाव मागेपुढे झोके घेत राहिला तर तोच मार खातो. उलट, घेणाऱ्याने चालत्या भावात घाईने हेज बदलला तर तो १.१३ ऐवजी ०.३५ घेऊन बसतो. कुठली सवय बरी हे आधी सांगता येत नाही, कारण भाव कोणत्या वाटेने जाईल ते आधी माहीत नसतं. म्हणून मी नव्या माणसाला एकच सांगतो: हेज कधी बदलणार तो नियम सौदा करण्याआधी ठरवा, दर दोन पॉइंटांना की दिवसातून एकदा. तोटा दिसल्यावर नियम बदलू लागलात की दोन्ही दिवसांचा वाईट भाग वाट्याला येतो.

भाव रात्रीतून उडी मारून १०६ ला उघडला तर मधल्या टप्प्यांवर हेज बदलायची संधीच मिळत नाही. तेव्हा १.१३ चा तोटा पूर्णच बसतो, नियम कितीही चांगला असला तरी.

पाचवी पायरी: बाकाचं भाडं मोजा

इतका वेळ काळ थांबवला होता. तसाच थांबून राहिला असता तर ऑप्शन विकायला कुणी तयारच झालं नसतं. काळ चालतो आणि प्रीमियम रोज थोडा झिजतो. ही झीज म्हणजे थीटा. आपल्या कॉलचा थीटा पहिल्या दिवशी सुमारे ०.०३८ आहे. घेणारा रोज एवढं भाडं देतो, विकणाऱ्याला ते मिळतं.

भाडं आणि बाक यांची बरोबरी कुठे होते? ०.५ × ०.०६९५ × हालचालीचा वर्ग = ०.०३८ असं मांडलं की हालचाल सुमारे १.०५ पॉइंट येते. आता २० टक्के व्होलॅटिलिटीला ३६५ च्या वर्गमुळाने भागा: १.०५ टक्केच येतात. हा योगायोग नाही. प्रीमियममध्ये गृहीत धरलेली एका दिवसाची हालचाल हीच, आणि घेणारा-विकणारा यांच्यातली सीमाही हीच.

शेअर दिवसाला अर्धा पॉइंट हलला तर हेज केलेल्या घेणाऱ्याला बाकातून ०.०१ सुद्धा पूर्ण मिळत नाही आणि भाडं ०.०३८ जातं. शेअर दोन पॉइंट हलला तर ०.१४ मिळतात, भाड्याच्या साडेतीनपटींहून जास्त. म्हणून विकणाऱ्याच्या वहीत बरेच छोटे नफे आणि मधेच एखादा मोठा तोटा दिसतो. सलग दहा शांत दिवसांचं भाडं ०.३८, आणि एक दिवस ६ पॉइंटांची उडी १.१३. शांत दिवस पाहून "हे चालतंय" असं ठरवू नका. ते दिवस उडीबद्दल काहीच सांगत नाहीत.

सहावी पायरी: बाक कुठे जमतो ते ओळखा

तक्त्यातला डेल्टाचा रकाना पुन्हा पाहा. १०० जवळ दोन पॉइंटांत डेल्टा ०.१४ ने बदलतो, १०४ ते १०६ मध्ये ०.०९ ने. स्ट्राइकपासून लांब गेलं की रेषा सरळ होत जाते: खाली ती शून्याला टेकते, वर तिचा चढ १ च्या जवळ थबकतो. म्हणून "विकणाऱ्याचा तोटा सतत वेग घेत राहतो" हे वाक्य अर्धंच खरं आहे. तोट्याचा वेग पॉइंटाला एक पॉइंट यापुढे जात नाही. तोटा त्या वेगानेच पुढे चालू मात्र राहतो, आणि त्याला वर मर्यादा नसते.

एक्स्पायरी जवळ आली की बाक स्ट्राइकभोवती गोळा होतो. तोच कॉल, पण ३० ऐवजी ३ दिवस राहिलेले. प्रीमियम ०.७२, डेल्टा ०.५०, पण गॅमा ०.२२, तिपटीहून जास्त. भाव अचानक १०३ झाला तर प्रीमियम ३.०४ होतो आणि डेल्टा ०.९५. हेज केलेल्या विकणाऱ्याचे ०.८२ जातात, म्हणजे त्याला मिळालेल्या सगळ्या प्रीमियमपेक्षा जास्त. ३० दिवसांच्या कॉलला हीच ३ पॉइंटांची हालचाल ०.३ च्या आसपास पडली असती. थीटाही या दिवसांत तिपटीहून जास्त, ०.१२ असतो, आणि "शेवटच्या दिवसांत प्रीमियम भराभर झिजतो, तेव्हा विका" या सल्ल्यात एवढंच सांगितलेलं असतं. झीज आणि बाक एकत्रच वाढतात, एक घेऊन दुसरं टाळता येत नाही.

सातवी पायरी: स्वतःची पोझिशन तपासा

स्क्रीनवर दिसणारा गॅमा कोणत्या एककात आहे ते आधी पाहा. काही ठिकाणी तो शेअरच्या एका पॉइंटाला दिलेला असतो, काही ठिकाणी एक टक्क्याला. शेअर १०० असेपर्यंत फरक पडत नाही, शेअर २,००० असेल तर आकडा वीसपट वेगळा दिसतो. खात्री करायची साधी रीत: भाव एक पॉइंट बदलून डेल्टा पुन्हा काढा, आणि नवा-जुना डेल्टा वजा करा. उत्तर स्क्रीनशी जुळलं तर एकक पॉइंटाचं.

दुसरी गफलत अशी: भाव हलल्यावर प्रीमियम तक्त्याप्रमाणे आला नाही की लोक गॅमाला दोष देतात. बरेचदा व्होलॅटिलिटी बदललेली असते. भाव पडताना ती वाढली तर पुटचा प्रीमियम बाकाच्या हिशोबापेक्षा जास्त चढतो. तक्त्यातला 0.2 बदलून पाहिला की फरक कुठून आला ते कळतं.

मग पोझिशनमधल्या सगळ्या ऑप्शनांसाठी आजचा भाव, दोन पॉइंट वर, दोन खाली, सहा वर आणि सहा खाली, अशा पाच ठिकाणी एकूण डेल्टा लिहून काढा. विकलेल्याला उणे चिन्ह. भाव वर जाताना एकूण डेल्टा वाढत असेल तर तुम्ही बाक घेतलेला आहे, घटत असेल तर विकलेला. मी ही पाच आकड्यांची ओळ रोज सकाळी प्रीमियम पाहण्याआधी लिहितो. सहा पॉइंट वरच्या रकान्यात आलेला डेल्टा तेवढे शेअर थेट विकायला मी तयार झालो नसतो इतका मोठा दिसला, तर त्याच सकाळी काही ऑप्शन परत घेतो.